रेघेचं टोक कुठे टेकतं?

रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात आणि शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुस्तकातल्या एका पानाचा फोटो येऊन पडतो. फोटोत उभं चिरलेलं जास्वंदीचं फूल, त्यातून डावी-उजवीकडे निघालेल्या आठ रेघा आणि प्रत्येक रेघेच्या टोकाशी एक रिकामा चौकोन. खाली एकच ओळ : ‘भागांना नावे द्या.’ सातवीतली मुलगी निदल, दल, पुंकेसर, स्त्रीकेसर ही नावं घडाघडा म्हणून दाखवते. आईलाही ती आपल्या शाळेपासून पाठ आहेत. तरी तिसऱ्या चौकोनापाशी दोघी अडतात.

‘‘ही मधली लांब दांडी म्हणजे पुंकेसर ना गं?’’ आई विचारते.

‘‘मग स्त्रीकेसर कुठंय?’’

हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो पडतो याचा दोष मुलीकडे जात नाही. जास्वंदीचं फूल हाताएवढं मोठं, बारमाही आणि कुठल्याही अंगणात मिळणारं, म्हणून शाळेत फुलाचे भाग शिकवायला तेच पुढे येतं. पण या फुलात तीन ठिकाणी नजर हमखास फसते. हिरव्या भागात एक जादाचा घेर आहे, पुंकेसरांची नळी झालेली आहे आणि स्त्रीकेसर त्या नळीच्या पोटात लपलेला आहे. नावं पाठ असून भागत नाही ते यामुळेच.

फुलाकडे जाण्याआधी रेघांकडे पाहायला हवं. आकृतीतल्या रेघेचं महत्त्वाचं टोक म्हणजे चित्राच्या आतलं टोक. ते नेमकं कशाला टेकलं आहे, त्यावर उत्तर ठरतं. रेघ एका पाकळीच्या मध्यावर थांबली असेल तर उत्तर ‘दल’ किंवा ‘पाकळी’. पण एखाद्या महिरपी कंसाने सगळ्या पाकळ्या मिळून कवेत घेतल्या असतील, तर विचारलेलं असतं त्या संपूर्ण घेराचं नाव, म्हणजे ‘दलपुंज’. तीच गोष्ट इतर तीन घेरांची. एक निदल, पण सगळे मिळून निदलपुंज. एक पुंकेसर, पण सगळे मिळून पुमंग. एक स्त्रीकेसर, पण त्या घेराचं नाव जायांग. मोबाइलवर काढलेल्या फोटोत नेमका हा कंस पानाच्या शिवणीत जातो किंवा कडेला कापला जातो, आणि मग बरोबर भाग ओळखूनही उत्तर चुकतं. अशा वेळी फोटो मोठा करून आतलं टोक शोधणं, आणि ते दिसत नसेल तर सरळ मूळ पान उघडणं, हाच उपाय.

दुसरी गोष्ट क्रमाची. फुलाचे चारही घेर एका ठरलेल्या क्रमाने बसलेले असतात : सर्वांत बाहेर निदल, त्याच्या आत पाकळ्या, त्याच्या आत पुंकेसर आणि अगदी मध्यभागी स्त्रीकेसर. रंग आणि आकार फुलागणिक बदलतात. हा क्रम मात्र जवळजवळ सगळ्या फुलांत पाळला जातो. म्हणून नावं देताना सर्वांत भडक भागापासून सुरुवात करू नये. देठापासून करावी आणि बाहेरून आत जावं.

देठाला पुस्तकात पुष्पवृंत म्हणतात. त्याचं वरचं टोक किंचित फुगलेलं असतं, तो पुष्पाधार. चारही घेर याच्यावर बसतात. आता जास्वंदीचा देठ चिमटीत धरून वर पाहिलं, की पहिली फसगत समोर येते. पुष्पाधाराला लागून सहा-सात बारीक, सुईसारखी हिरवी पाती बाहेर झुकलेली दिसतात. सर्वांत बाहेरचं आणि हिरवं म्हणजे निदल, असा हिशेब करून बहुतेक जण तिथेच ‘निदल’ लिहून मोकळे होतात.

ती निदलं नव्हेत. तो फुलाच्या चार घेरांच्या बाहेरचा, जास्वंदीच्या कुळात आढळणारा जादाचा घेर आहे. मराठी विश्वकोशाच्या भाषेत त्याला अपिसंवर्त म्हणतात. खरी निदलं त्याच्या आत आहेत : एक हिरवा पेला, ज्याच्या काठाला पाच टोकदार दाते आहेत. पाच निदलं खालच्या बाजूला एकमेकांना जुळून हा पेला झाला आहे. दाते मोजले की निदलांची संख्या कळते. फोटोत ओळखायची खूण सोपी आहे. सुटी-सुटी, अरुंद पाती असतील तर ती बाहेरची जादाची. पेल्यासारखं एकसंध आणि काठाला पाच दाते असतील तर तो निदलपुंज. एखादी कळी पाहिली तर आणखी खात्री पटते. कळीत पाकळ्यांना झाकून धरतो तो हा पेला, बारीक पाती नव्हेत. झाकणं हेच निदलांचं काम. इंग्रजी पुस्तकांत निदलासाठी जो शब्द रूढ आहे तो नट्टेर नावाच्या नव्हे, तर नेकर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1790 साली ‘आच्छादन’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडवला होता.

पाकळ्यांशी कुणाचंच भांडण नाही. त्या पाच आहेत, मोठ्या आहेत आणि प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या खाली, तर दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या वर अशी गोल पिळाने बसलेली आहे. उभ्या छेदाच्या चित्रात मात्र दोन किंवा तीनच पाकळ्या दिसतात, कारण उरलेल्या चिरताना बाजूला गेल्या आहेत. ‘जास्वंदीला पाकळ्या किती?’ याचं उत्तर छेदाच्या चित्रावरून मोजून दिलं तर ते चुकणार.

आता ती मधली दांडी.

लाल जास्वंदीत ही दांडी पाकळ्यांच्याच रंगाची असते, त्यामुळे रंगाची काही मदत होत नाही. ती पाकळ्यांच्या तळातून निघते, बऱ्याचदा पाकळ्यांच्या बाहेर डोकावते आणि तिच्या वरच्या भागावर चहूबाजूंनी आखूड तंतू फुटलेले असतात. प्रत्येक तंतूच्या टोकाला पिवळी पूड माखलेला एक छोटा दाणा असतो. हा दाणा म्हणजे परागकोश आणि पिवळी पूड म्हणजे पराग. तंतू आणि परागकोश मिळून एक पुंकेसर. पुस्तकात तंतूला वृंत असंही म्हटलेलं असतं. असे कित्येक पुंकेसर आहेत, पण त्यांचे तंतू वरच्या टोकालाच सुटे आहेत. खाली ते सगळे एकमेकांना जुळून एक पोकळ नळी झाली आहे. आईने ‘दांडी’ म्हटलं ती ही नळी. तेव्हा आईचं उत्तर चूक नव्हतं, अर्धं होतं. नळी पुमंगाचीच आहे. पण ती एक पुंकेसर नाही, ती सगळ्या पुंकेसरांची मिळून झालेली आहे, आणि आतून रिकामी आहे असं दिसत असलं तरी रिकामी नाही.

या जुळणीकडे लिनियसचंही लक्ष गेलं होतं. स्वीडनच्या या शास्त्रज्ञाने जास्वंदीला आज चालतं ते शास्त्रीय नाव 1753 साली दिलं. वनस्पतींची वर्गवारी त्याने मुख्यतः पुंकेसरांची संख्या आणि मांडणी पाहून केली होती, आणि पुंकेसर असे एकाच जुडीत जुळलेल्या झाडांसाठी एक स्वतंत्र वर्ग केला होता. त्या वर्गाच्या नावाचा अर्थ होतो ‘एक भाऊबंद’. भाऊबंदकीचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला ते नाव जरा जास्तच आशावादी वाटेल, पण जास्वंदीपुरतं ते खरं आहे. सगळे भाऊ एका नळीत नांदतात.

एक बारकावा इथेच सांगायला हवा. पुस्तकात परागकोशाचं मोठं करून काढलेलं चित्र दोन फुगीर कप्प्यांचं असतं. बहुतेक फुलांत ते तसंच असतं. जास्वंदीचा परागकोश मात्र मूत्रपिंडाच्या आकाराचा आणि एकाच कप्प्याचा असतो. भिंग घेऊन बसलेल्या मुलाला दोन कप्पे सापडले नाहीत, तर त्याचे डोळे ठीक आहेत.

नळीच्या पार टोकाला, परागकोशांच्याही वर, पाच छोटे गोल ठिपके दिसतात. मखमली, गडद लाल. सर्वांत जास्त चुका इथे होतात. ‘टोकाला गोळा आहे म्हणजे परागकोश’ असं मनात पक्कं बसलेलं असतं, म्हणून या पाच ठिपक्यांनाही तेच नाव मिळतं. हे ठिपके म्हणजे कुक्षी, स्त्रीकेसराचं वरचं टोक, जिथे पराग येऊन चिकटायचे असतात. फोटोत दोहोंमधला फरक मोजून कळतो. बरेच, विखुरलेले आणि पिवळी पूड असलेले ते परागकोश. नेमके पाच, टोकाशी आणि बिनपुडीचे ते कुक्षी. प्रत्यक्ष फूल हातात असेल तर बोट लावून पाहावं. परागकोशाला लावलं की बोट पिवळं होतं.

कुक्षीपासून खाली जाणारा धागा म्हणजे कुक्षीवृंत. तो नळीच्या आतून जातो, त्यामुळे न चिरलेल्या फुलाच्या फोटोत तो दिसूच शकत नाही. वरची पाच टोकं तेवढी बाहेर आलेली असतात. नळी ब्लेडने अलगद उभी चिरली, तर आत तो पांढुरका धागा सापडतो. त्याच्या मागोमाग खाली गेलं की तो निदलांच्या पेल्यात, एका छोट्या शंकूसारख्या फिकट दाण्यात उतरतो. तो अंडाशय. कुक्षी, कुक्षीवृंत आणि अंडाशय या तिन्हींचं मिळून जायांग. मुलीच्या ‘मग स्त्रीकेसर कुठंय?’ या प्रश्नाचं उत्तर एवढं लांब आहे : डोकं नळीच्या बाहेर, धड नळीच्या आत आणि मूळ पेल्याच्या तळाशी.

आता आठ रेघांचा हिशेब एकदा सलग लावता येतो. देठावरची रेघ पुष्पवृंताची. फुगीर टोकावरची पुष्पाधाराची. पाच दात्यांच्या पेल्यावर टेकलेली निदलाची आणि पाकळीवरची दलाची. पिवळ्या दाण्यावर थांबलेली परागकोशाची. रेघ दाण्यावर न थांबता दाणा आणि त्याचा तंतू दोघांना मिळून कंसात घेत असेल तर पुंकेसराची. वरच्या पाच ठिपक्यांवरची कुक्षीची, नळीच्या आतल्या धाग्यावरची कुक्षीवृंताची आणि तळाच्या शंकूवरची अंडाशयाची. रेघ नळीच्या बाहेरच्या भिंतीवर थांबली आहे की आतल्या धाग्यापर्यंत पोचली आहे, हे छापील चित्रात अर्ध्या मिलिमीटरचं अंतर असतं, आणि तेवढ्यावर पुंकेसरनलिका की कुक्षीवृंत हे ठरतं. छपाई अंधूक असेल तर शेजारच्या रेघा पाहाव्यात. खाली अंडाशय आणि वर कुक्षी विचारलेली असेल, तर मधली रेघ बहुधा कुक्षीवृंताचीच असते.

पण एक प्रश्न उरतोच. जास्वंदीत स्त्रीकेसर किती?

दिसायला तर एकच आहे : एक अंडाशय, एक धागा. बरोबर उत्तर मात्र पाच. पाच स्त्रीकेसर खालून वरपर्यंत जुळून एक झाले आहेत आणि अगदी टोकाशी पुन्हा सुटे झाले आहेत, म्हणून कुक्षी पाच. याचा खरा पुरावा अंडाशय आडवा कापल्यावर मिळतो, पण तो दाणा इतका लहान असतो की भिंगाशिवाय काही कळत नाही. शिवाय बागेतल्या जास्वंदीला फळ फारसं धरत नाही, ती फांद्या लावूनच वाढवली जाते. त्यामुळे हा दाणा मोठा झाल्यावर कसा दिसतो हे कुणी पाहिलेलं नसतं.

ते पाहायची सोय स्वयंपाकघरात आहे. भेंडी जास्वंदीच्याच कुळातली. तिचं पिवळं, मध्ये गडद तांबूस फूल ज्याने शेतात पाहिलं असेल त्याला हे साम्य सांगावं लागत नाही. तीच पुंकेसरांची नळी, तीच वर डोकावणारी कुक्षी. आणि भाजीची भेंडी म्हणजे त्या फुलाचा वाढलेला अंडाशय. ती गोल-गोल चिरली की प्रत्येक चकतीत चांदणीसारखे पाच कप्पे दिसतात. एक कप्पा म्हणजे एक स्त्रीकेसर. प्रत्येक कप्प्यातल्या बिया आतल्या कोपऱ्याला, मधल्या अक्षाला चिकटलेल्या असतात. काही भेंड्यांना पाचाहून जास्त कप्पे निघतात, तिथे तितके स्त्रीकेसर समजावेत. जास्वंदीच्या अंडाशयाचा आडवा छेद पुस्तकात काढलेला असतो तो अगदी भेंडीच्या चकतीसारखा. ज्या मुलाने भाजी चिरायला मदत केली आहे त्याला ते चित्र वेगळं शिकवावं लागू नये.

याच्या उलट टोकाला मटाराची शेंग. ती एकाच स्त्रीकेसराची असते. शिवणीवर दाबून उघडली की दोन फाका होतात आणि दाणे एकाच शिवणीला लागलेले, पण आळीपाळीने एक या फाकेला, एक त्या फाकेला राहिलेले दिसतात. शेंग पूर्ण उघडून सपाट ठेवली तर ती कशासारखी दिसते? मधोमध शीर असलेल्या, कडांना दाणे लागलेल्या एका पानासारखी. स्त्रीकेसर म्हणजे कडा जुळवून मिटलेलं पान, ही वनस्पतिशास्त्रातली जुनी समजूत या शेंगेत डोळ्यांना दिसते.

जर्मन कवी ग्योथे याने 1790 साली वनस्पतींच्या रूपांतरावर एक निबंध लिहिला. निदल, पाकळी, पुंकेसर आणि स्त्रीकेसर ही एकाच मूळ अवयवाची, पानाची, वेगवेगळी रूपं आहेत असं त्याने त्यात मांडलं. मराठीत हा विचार चक्क शब्दांत बसलेला आहे, फक्त शाळेच्या पुस्तकातल्या शब्दांत नाही. मराठी विश्वकोशाने हेच चार भाग संदल, प्रदल, केसरदल आणि किंजदल असे सांगितले आहेत. चारही नावांत ‘दल’ आहे. तुळशीदल म्हणतो तेच दल, म्हणजे पान. शाळेतल्या ‘पुंकेसर’ आणि ‘स्त्रीकेसर’ या जोडीत दोघंही केसर, म्हणजे तंतू. त्यामुळे स्त्रीकेसर हाही एक धागाच असणार अशी मुलांची समजूत होते आणि तळाचा अंडाशय नजरेतून सुटतो. शब्दाच्या दृष्टीने ‘किंजदल’ सरस आहे, असं म्हणायला हरकत नाही. परीक्षेत मात्र पुस्तकातलाच शब्द लिहावा. एका उत्तरपत्रिकेत निदल आणि संदल असे दोन्ही आले तर तपासणारा गोंधळेल.

या ‘केसर’ शब्दाची आणखी एक गंमत. खिरीत घालायचं केशर हे फुलातल्या पुंकेसरांपासून मिळत नाही. डबीतल्या त्या लाल काड्या कुक्षी असतात, एका फुलाला तीन.

सगळे भाग मुळात पानंच असतील तर कधीतरी एकाच्या जागी दुसरं उगवायला हवं. तसं उगवतंही, आणि तेही दारातल्या कुंडीत. गणपतीला वाहायला फूलवाल्याकडून आणलेली जास्वंद पुष्कळदा डबल असते, म्हणजे पाचाऐवजी भरगच्च पाकळ्यांची. मुलं हेच फूल शाळेत नेतात आणि पुस्तकातल्या चित्राशी ते जुळता जुळत नाही. पाकळ्या मोजायला गेलं तर वीस-पंचवीस भरतात, पुंकेसर जेमतेम दिसतात आणि नळी तर सापडतच नाही. नीट सोलून पाहिलं की बाहेरच्या पाच पाकळ्या नेहमीच्या जागी असतात. आतल्या बाकीच्या पाकळ्या पुंकेसरांच्या जागी आलेल्या असतात. एखाद्या आतल्या पाकळीच्या कडेला चक्क एक परागकोश लटकलेला सापडतो. अर्धी पाकळी, अर्धा पुंकेसर.

हे कसं होतं याचा उलगडा 1991 साली एन्रिको कोएन आणि एलियट मायरोविट्झ या दोघांनी मांडला. मोहरीच्या कुळातलं एक छोटं रोप आणि कुत्र्याच्या तोंडासारखी फुलं येणारं स्नॅपड्रॅगन यांच्या बिघडलेल्या फुलांचा अभ्यास त्यामागे होता. फुलात जनुकांचे तीन गट काम करतात. त्यांना ए, बी आणि सी म्हटलं जातं. एकटा ए असेल तिथे निदल होतं. ए आणि बी मिळून पाकळी. बी आणि सी मिळून पुंकेसर. एकटा सी असेल तिथे स्त्रीकेसर. सी गट काम करेनासा झाला की त्याची जागा ए घेतो. मग पुंकेसराच्या घेरात बीबरोबर ए येतो आणि तिथे पाकळ्या उगवतात. माळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हौसेने जपलेल्या अनेक डबल फुलांमागे अशीच अदलाबदल असते. तेव्हा नावं देण्याच्या गृहपाठासाठी डबल जास्वंद नेऊ नये. नेलीच, तर शिक्षकांनी तिच्यावर एक तास द्यावा.

चार घेरांचा हा नियम सगळीकडे सरळ लावता येत नाही. निशिगंधात सहा पांढरे भाग असतात आणि त्यांत निदल कोणतं, पाकळी कोणती हे सांगता येत नाही. तिथे सहाही भागांना परिदल म्हणतात, आणि तेच बरोबर उत्तर आहे. भोपळ्याच्या वेलावर पुंकेसरांचं फूल वेगळं आणि स्त्रीकेसरांचं वेगळं. एका फुलात दोन्ही शोधत बसलं तर सापडणार नाहीत. बोगनवेलीची गुलाबी ‘पाकळी’ फुलाची नव्हेच, ती फुलाखालची रंगीत पानं आहेत. खरं फूल तिच्या मधोमध उभी असलेली बारीक, फिकट नळी. झेंडूत तर आपण ज्याला एक फूल म्हणतो ते अनेक छोट्या फुलांचं गच्च संमेलन असतं. झेंडूच्या एका ‘पाकळी’वर रेघ ओढून ‘दल’ लिहिणं म्हणजे गर्दीतल्या एका माणसाला बोट म्हणण्यासारखं आहे.

मग चार घेर स्वच्छ, सुटे-सुटे दाखवणारं आणि सहज मिळणारं फूल कोणतं? महाराष्ट्रात तरी गुलमोहर. पाच निदलं, पाच पाकळ्या, दहा पुंकेसर आणि मधोमध एक स्त्रीकेसर. काहीही नळीत लपलेलं नाही, कुठलाही जादाचा घेर नाही. त्यातही शिकण्यासारखी एक फसगत आहेच : निदलं बाहेरून हिरवी पण आतून लाल असतात, आणि फूल उमललं की ती मागे वळून पाकळ्यांच्या फटींतून पाकळ्याच असल्यासारखी मिरवतात. पाकळ्यांना खाली अरुंद देठासारखा भाग असतो, निदलांना नसतो. शिवाय एका पाकळीवर पांढरे-पिवळे पट्टे असतात. दहा पुंकेसर तर मुलांना पुस्तकाआधीच ठाऊक असतात. परागकोशात परागकोश अडकवून ओढायचा आणि ज्याचं डोकं तुटेल तो हरला, हा खेळ उन्हाळ्यात गुलमोहराखाली खेळला गेलेला आहेच. मधल्या एका स्त्रीकेसराची पुढे हातभर लांब, टणक शेंग होते. ती मटाराच्या शेंगेसारखीच एका स्त्रीकेसराची.

पुस्तकांनी गुलमोहर का घेतला नसावा, याचं एक साधं कारण दिसतं. तो ऐन बहरात असतो एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा शाळांना सुट्टी असते. जूनमध्ये वर्ग भरतात तोवर झाडाखाली चिखलात भिजलेल्या पाकळ्या उरतात. जास्वंद मात्र वर्षभर कधीही हजर. म्हणून अवघड फूल पुस्तकात आणि सोपं फूल सुट्टीत, अशी वाटणी झाली आहे. सुट्टीत गुलमोहराची चार फुलं मोजून ठेवलेल्या मुलाला जूननंतर जास्वंदीची नळी कमी छळेल.

जास्वंद चिरून पाहायची असेल तर साधी, पाच पाकळ्यांची निवडावी. आधी बाहेरची बारीक पाती काढावीत, मग निदलांचा पेला एका बाजूने फाडावा. पाकळ्या एकेक करून ओढायला गेलं तर त्या तळाशी नळीला जुळलेल्या असल्यामुळे नळीही सोबत निघून येऊ पाहते. म्हणून पाकळ्या तशाच ठेवून नळी वरून खाली ब्लेडने चिरावी, आणि ब्लेड मोठ्या माणसाने धरावं. खाली पांढरा कागद असला की सांडलेले पराग दिसतात. आणि फूल सकाळीच तोडावं. ते बहुधा एका दिवसाचंच असतं. रात्री साडेनऊला गृहपाठाची आठवण होते तेव्हा कुंडीतल्या जास्वंदीची सुरळी झालेली असते.